इतिहासाच्या उत्तरात अवतरणं कुठे फसतात? 1857 च्या एका प्रश्नावर दुरुस्ती

यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेतलेले, आता वर्णनात्मक झालेल्या राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करणारे आणि एम.ए.ची मुलं, या सगळ्यांच्या सराव उत्तरपत्रिका मी तपासते. तक्रार सगळ्यांची एकच असते. "मॅडम, चार इतिहासकार घातले, दोन वाक्यं तर जशीच्या तशी पाठ करून लिहिली, तरी दहापैकी साडेतीनच?" समासात शेरे असतात ते असे: "हे मत कोणाचे?", "मुद्दा काय?", "पाल्हाळ".

मग मुलगा घरी जाऊन आणखी दहा अवतरणं पाठ करतो आणि पुढच्या पेपरात तेच घडतं. अवतरणं कमी पडली म्हणून गुण गेलेले नसतात. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या नावावर गेलेलं असतं, वाक्य अर्धंच घेतलेलं असतं, किंवा वाक्य बरोबर असूनही उत्तरात त्याला काही काम नसतं. हे तीन बिघाड बहुतेक वेळा एकाच परिच्छेदात सापडतात, म्हणून एकच प्रश्न घेऊन बघू.

प्रश्न: "1857 चा उठाव राष्ट्रीय स्वरूपाचा होता का? चर्चा करा." 10 गुण, 150 शब्द.

आधी वेळेचा हिशोब. वैकल्पिक विषयाचा पेपर 250 गुणांचा आणि तीन तासांचा. म्हणजे 10 गुणांना जेमतेम सात मिनिटं मिळतात, त्यातलं एक विचार करण्यात जातं. या मापात 30 शब्दांचं अवतरण म्हणजे उत्तराचा पाचवा हिस्सा. एवढी जागा दिल्यावर त्या वाक्याने तेवढं काम करायला हवं.

आता नेहमी दिसणाऱ्या चुका एकत्र करून मी रचलेला हा परिच्छेद वाचा:

> प्रसिद्ध इतिहासकार ई. एच. कार यांनी म्हटल्याप्रमाणे इतिहास म्हणजे वर्तमान आणि भूतकाळ यांच्यातील अखंड संवाद होय. 1857 च्या उठावाबाबत अनेक इतिहासकारांनी वेगवेगळी मते मांडली आहेत. थोर इतिहासकार आर. सी. मजुमदार म्हणतात, "तथाकथित पहिले राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध हे ना पहिले, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध." तर बिपन चंद्र म्हणतात, "धर्मासाठीची लढाई म्हणून जे सुरू झाले ते स्वातंत्र्ययुद्ध म्हणून संपले." ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनीही याला राष्ट्रीय उठाव म्हटले होते. अशा प्रकारे इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत.

सत्तरच्या आसपास शब्द झाले, म्हणजे निम्मं उत्तर संपलं. 1857 मध्ये काय घडलं याबद्दल एक अक्षर नाही. ना मेरठ, ना दिल्ली, ना अवध. परीक्षकाला एवढंच कळलं की या मुलाने नोट्स वाचल्या आहेत.

बिघाड पहिला: वाक्य एकाचं, नाव दुसऱ्याचं

"धर्मासाठी सुरू झालेली लढाई स्वातंत्र्ययुद्ध म्हणून संपली" हे मत सुरेंद्रनाथ सेन यांचं. उठावाच्या शताब्दीनिमित्त, 1957 साली, भारत सरकारने त्यांच्याकडून इतिहास लिहून घेतला. मौलाना आझादांची प्रस्तावना असलेल्या त्या ग्रंथातलं हे वाक्य. बिपन चंद्रांच्या नावावर ते जातं कारण मुलांनी सेन वाचलेले नसतात. सेन यांचं वाक्य दुसऱ्या कुठल्या तरी पाठ्यपुस्तकात भेटतं आणि ज्याचं पुस्तक हातात, त्याचंच वाक्य असं धरलं जातं.

नावांचा गोंधळही यातलाच. बिपन चंद्र आधुनिक भारताचे, सतीश चंद्र मध्ययुगाचे, आणि ताराचंद हे तिसरेच, ज्यांनी स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहिला. "चंद्र यांच्या मते" एवढंच लिहिलं तर परीक्षकाने कोणता चंद्र समजायचा? सेन, मुखर्जी, शर्मा यांच्याबाबतही तीच अडचण. पहिल्यांदा नाव येईल तेव्हा आद्याक्षरं किंवा पूर्ण नाव घाला, पुढे आडनाव पुरतं. आणि ज्याच्या पुस्तकात वाक्य वाचलं तो त्या वाक्याचा मालक आहे की फक्त सांगणारा, हे वहीत उतरवून घेतानाच तपासायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री ते तपासायला वेळ नसतो.

डिझरायलीचं नाव बरोबर असतं, ओळख चुकते. 27 जुलै 1857 रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये भाषण करताना हे लष्करी बंड आहे की राष्ट्रीय उठाव, असा सवाल त्यांनी केला आणि साम्राज्यं काही चरबी लावलेल्या काडतुसांमुळे कोसळत नाहीत, असं सुनावलं. तेव्हा ते विरोधी पक्षात होते. पंतप्रधान पहिल्यांदा झाले ते 1868 मध्ये. "पंतप्रधानांनीही मान्य केले" असं लिहिलं की सरकारनेच कबुली दिल्याचा अर्थ होतो, आणि प्रत्यक्षात तर ते सरकारला धारेवर धरत होते. "विरोधी पक्षाचे नेते डिझरायली (जुलै 1857)" असं लिहिलं की पुराव्याचा रंगच बदलतो. उठाव चालू असतानाच ब्रिटिश संसदेत त्याच्या स्वरूपावर वाद झाला, हा मुद्दा आपसूक हाती येतो. आणखी एक: काही मुलं त्यांना "इतिहासकार डिझरायली" म्हणतात. ते राजकारणी होते. समकालीन राजकारण्याचं मत आणि शंभर वर्षांनी कागदपत्रं चाळून काढलेला निष्कर्ष यांना एका पंक्तीला बसवता येत नाही.

तिसरी चूक त्या परिच्छेदात नाही, पण दर बॅचमध्ये भेटते: "कार्ल मार्क्स यांनी 1857 ला पहिले स्वातंत्र्ययुद्ध म्हटले." मार्क्सने त्या काळात न्यूयॉर्क डेली ट्रिब्यूनसाठी उठावावर लेख लिहिले, हे खरं. पण "पहिलं भारतीय स्वातंत्र्ययुद्ध" हे शीर्षक मार्क्स आणि एंगल्स यांच्या लेखांचा संग्रह 1959 मध्ये मॉस्कोहून निघाला तेव्हा त्या संग्रहाला दिलेलं आहे. मुखपृष्ठावरचं शीर्षक मार्क्सच्या तोंडी घातलं जातं. सावरकरांच्या बाबतीतही जरा जपून. 1909 मध्ये लेखकाचं नाव न छापता निघालेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात "1857 चे भारतीय स्वातंत्र्ययुद्ध" एवढंच आहे, "पहिले" नाही. म्हणून "सावरकरांनी (1909) त्याला स्वातंत्र्ययुद्ध ठरवले" असं लिहा. तेवढं पक्कं आहे आणि उत्तराला पुरतंही.

बिघाड दुसरा: अर्धं वाक्य

हा बिघाड सगळ्यात महागात पडतो, कारण अर्ध्या वाक्याने इतिहासकाराची भूमिकाच उलटी होते.

सेन यांचंच वाक्य घ्या. धर्मासाठीची लढाई स्वातंत्र्ययुद्ध म्हणून संपली, इथपर्यंत सगळे लिहितात. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे सेन कारण देतात: बंडखोरांना परकी सरकार घालवायचं होतं यात शंका नाही, आणि जिचा हक्काचा प्रतिनिधी दिल्लीचा बादशहा होता ती जुनी व्यवस्था त्यांना परत आणायची होती. आता पहिला अर्धा भाग एकटा वाचा. सेन म्हणजे सावरकरांच्याच बाजूचे वाटतात. पूर्ण वाचा, की लक्षात येतं, ते "स्वातंत्र्य" म्हणतात पण त्या स्वातंत्र्याची दिशा मागे जाणारी आहे असंही सांगतात. "राष्ट्रीय होता का?" या प्रश्नाचं उत्तर खरं तर त्या दुसऱ्या अर्ध्या भागात दडलेलं आहे. मुलं नेमका तोच गाळतात, कारण पहिला भाग कानाला गोड लागतो.

मजुमदारांचं उलट होतं. "ना पहिले, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध" हे वाक्य त्यांचंच, 1957 च्याच पुस्तकातलं. त्यावरून मुलं त्यांना थेट साम्राज्यवादी इतिहासकारांच्या रांगेत बसवतात. मजुमदार सर्वसाधारणपणे राष्ट्रवादी परंपरेत धरले जातात. 1857 ला राष्ट्रीय न मानण्याचं त्यांचं कारण ब्रिटिश राज्याचं कौतुक हे नव्हतं. निरनिराळ्या ठिकाणच्या पुढाऱ्यांमध्ये समान उद्दिष्ट आणि एकत्रित योजना त्यांना दिसली नाही, हे होतं. गाजलेलं वाक्य लिहून हे कारण सोडलं, तर परीक्षकाच्या हाती फक्त घोषणा पडते. म्हणून मी सांगते, दोहोंपैकी एकालाच जागा असेल तर वाक्य सोडा आणि कारण लिहा.

अर्ध्या वाक्यावर उपाय साधा आहे, जरा कंटाळवाणा आहे. अवतरण वहीत घेताना त्याच्या आधीचं आणि नंतरचं एकेक वाक्य वाचायचं आणि त्यात "पण", "मात्र", "म्हणून" असा जोड असेल तर तोही टिपायचा. क्लासच्या छापील नोट्समधून अवतरण घेतलं असेल तर आधीचं-नंतरचं काही मिळतच नाही. अशा वेळी ते अवतरणचिन्हांत लिहू नका.

मराठी माध्यमातला खास गुंता: अवतरणचिन्हं कधी?

मजुमदार, सेन आणि ब्रिटिश इतिहासकार एरिक स्टोक्स यांनी इंग्रजीत लिहिलं. तुम्ही मराठीत उत्तर लिहिता. तुम्ही अवतरणचिन्हांत टाकलेलं मराठी वाक्य मजुमदारांनी कधीच लिहिलेलं नसतं. ते तुमचं, नाहीतर क्लासच्या सरांचं भाषांतर असतं. तरी मुलं भाषांतराच्या दोन्ही टोकांना चिन्हं लावतात, आणि एकाच वर्गातल्या चार वह्यांत एकच "अवतरण" चार तऱ्हांनी सापडतं.

मी पाळायला सांगते तो नियम असा. चिन्हं फक्त दोन ठिकाणी लावायची. एक, मूळच मराठीत असेल आणि शब्द नक्की आठवत असतील तेव्हा. दोन, दोन-तीन शब्दांची एखादी उक्ती सर्वपरिचित असेल तेव्हा. बाकी सगळं "…असे मजुमदार मांडतात", "…हे सेन मान्य करतात", "…या मताला स्टोक्स छेद देतात" अशा वाक्यांत. यात अप्रामाणिकपणा नाही आणि शब्दही वाचतात. शिवाय क्रियापदातून तुमची समज दिसते. "म्हणतात" या क्रियापदातून काहीच कळत नाही. "नाकारतात", "मर्यादित करतात", "पुराव्याने दाखवतात" यातून वादात कोण कुठे उभा आहे ते कळतं.

सहज दिसलेली एक गोष्ट सांगते: पुष्कळ उत्तरांत "मजुमदार म्हणतात" पण "स्टोक्स म्हणतो" असं असतं. सगळ्यांना आदरार्थी लिहा, नाहीतर सगळ्यांना एकवचनी. गुण यावर जात नाहीत, पण खटकतं. आणि "थोर", "प्रख्यात", "सुप्रसिद्ध" ही विशेषणं काढून टाका. तीन नावांमागे तीन शब्द वाचतात आणि तेवढ्या जागेत "अवध" आणि "तालुकदार" मावतात.

बिघाड तिसरा: वाक्य बरोबर, काम शून्य

ई. एच. कार यांचं संवादाचं वाक्य खरं आहे. 1961 च्या "व्हॉट इज हिस्टरी?" या पुस्तकातलं आहे. तरीही ते इथे भरताड आहे, कारण ते 1857 च्या उत्तरात बसतं, मौर्यांच्या बसतं, फ्रेंच राज्यक्रांतीच्याही बसतं. जे सगळीकडे बसतं ते कुठेच कामाचं नसतं. इतिहासलेखनाच्या पेपरात प्रश्नच कार यांच्यावर असेल तर गोष्ट निराळी.

ओळखायचं कसं? उत्तर लिहून झालं की अवतरणावर अंगठा ठेवा आणि आधीचं वाक्य थेट पुढच्याला जोडून वाचा. काहीही तुटलं नाही, तर अवतरण फालतू. पुढच्या वाक्यातलं "मात्र" किंवा "यामुळेच" अधांतरी लोंबकळलं, तर अवतरण कामाला आलेलं आहे. वरच्या परिच्छेदात कार झाका, डिझरायली झाका, अगदी मजुमदारही झाका. काही अडत नाही, कारण एकाही मतानंतर त्याला धरून पुढचं वाक्य आलेलंच नाही.

याचा अर्थ असा की मत लिहिलं की लगेच पुढच्या वाक्यात घटना, ठिकाण किंवा दस्तऐवज घेऊन ते मत तपासायचं. मजुमदारांच्या बाजूने काय जातं? पंजाब, बंगाल आणि दक्षिणेचा मोठा भाग बाहेर राहिला, शीख शिपाई इंग्रजांच्या बाजूने लढले. त्यांच्या विरुद्ध काय जातं? 25 ऑगस्ट 1857 चा आझमगढचा जाहीरनामा. त्यात जमीनदार, व्यापारी, सरकारी नोकर, कारागीर आणि पंडित-फकीर अशा एकेका गटाला उद्देशून, त्याची त्याची तक्रार मांडून, इंग्रजांविरुद्ध उठायचं आवाहन आहे. जमीनदाराला साऱ्याचा बोजा, व्यापाऱ्याला कंपनीची मक्तेदारी, कारागिराला विलायती माल. हा एक दस्तऐवज दोन इतिहासकारांच्या मतांपेक्षा जास्त वजनाचा आहे, आणि त्याची नोंद करायला तारीख आणि ठिकाण पुरतं.

"दक्षिण पूर्ण शांत होती" असं मात्र लिहू नका. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापूरला 27 वी पलटण उठली होती. महाराष्ट्रातल्या मुलांनीच हे विसरावं याचं मला नवल वाटतं.

आता तेच उत्तर, दुरुस्त करून:

> 1857 ला 'राष्ट्रीय' म्हणावे का, हे कसोटी कोणती लावतो यावर ठरते. समान उद्दिष्ट व एकत्रित योजना नसल्याने आर. सी. मजुमदार (1957) ते नाकारतात. पंजाब-बंगालचा अलिप्तपणा आणि शिखांची इंग्रजांना मदत या मताला बळ देतात. मात्र सुरेंद्रनाथ सेन (1957) दाखवतात की मेरठचे शिपाई दिल्लीच्या बादशहाच्या छत्राखाली आले तेव्हा बंडाला राजकीय रूप आले. परकी सत्ता घालवून जुनी व्यवस्था आणणे हे ध्येय होते. आझमगढ जाहीरनामा (25 ऑगस्ट 1857) जमीनदार, व्यापारी, नोकर, कारागीर, पंडित-फकीर यांना त्यांच्या वेगवेगळ्या तक्रारींसह एकत्र बोलावतो: शत्रू समान होता, नव्या राष्ट्राचा आराखडा नव्हता. अवधमध्ये तालुकदार व शेतकरी एकत्र लढल्याचे रुद्रांग्शू मुखर्जी (1984) दाखवतात. हा लोकसहभाग उठावाला शिपायांच्या बंडापलीकडे नेतो, पण त्याचे बळ प्रादेशिक निष्ठांतून येते. कोल्हापूरसारखे उद्रेकही स्थानिकच राहिले. म्हणून 1857 हा परकी सत्तेविरुद्धचा व्यापक उठाव होता. आधुनिक अर्थाने राष्ट्रीय चळवळ नव्हती.

तीन नावं आणि एक दस्तऐवज, अवतरण एकही नाही. अंगठ्याची कसोटी लावून बघा. मजुमदार झाकले तर "या मताला" अधांतरी राहतं, सेन झाकले तर "मात्र" उडून जातं. नाव आणि वर्ष मिळून प्रत्येकी तीन-चार शब्द लागले. पुस्तकाचं नाव मी घातलेलं नाही, कारण 150 शब्दांत वर्ष पुरतं. 20 गुणांच्या उत्तरात एखाद-दुसऱ्या ठिकाणी पुस्तकाचं नाव शोभतं, तेही पुस्तकाचा विषय मुद्द्याशी थेट भिडत असेल तरच. सावरकर आणि डिझरायली इथे का नाहीत? जागा नव्हती आणि त्यांच्यावाचून युक्तिवाद अडत नव्हता. माझ्या मते 10 गुणांना दोन ते तीन नावं ही कमाल मर्यादा, 20 गुणांना चार-पाच.

दुसऱ्याच्या तोंडून आलेला पुरावा

हा बिघाड 1857 पेक्षा प्राचीन भारताच्या उत्तरांत जास्त. "मेगॅस्थनीस आपल्या इंडिकामध्ये लिहितो की भारतात गुलाम नव्हते." इंडिका आज उपलब्धच नाही. स्ट्रेबो, एरियन, डायोडोरस यांनी त्यातून घेतलेले उतारे तेवढे उरले आहेत. "मेगॅस्थनीस (एरियनने दिल्यानुसार)" इतकं लिहिलं तरी परीक्षकाला कळतं की मुलाला साधनांची जाण आहे. त्यानंतर कौटिलीय अर्थशास्त्रात दासांविषयीचे नियम आहेत, हे पुढच्या वाक्यात घातलं की पुराव्याची तपासणीही झाली.

असंच दुसरं उदाहरण. "कापूस विणकरांच्या हाडांनी भारताची मैदानं पांढरी झाली आहेत" हे वाक्य सर्रास बेंटिंकच्या नावावर लिहिलं जातं. बहुतेकांच्या हाती ते मार्क्सच्या "कॅपिटल"च्या पहिल्या खंडातून (1867) येतं, आणि तिथे ते गव्हर्नर जनरलचं म्हणून दिलेलं आहे. म्हणून "मार्क्सने गव्हर्नर जनरलच्या नावे उद्धृत केलेले" असं लिहा. तुम्ही जिथे पाहिलं तेच सांगायचं.

शिलालेखांचं तर बघायलाच नको. "अशोकाच्या शिलालेखात कलिंग युद्धाचा पश्चात्ताप आहे" हे ढोबळ आहे. "13 व्या शिलालेखात" हे बरोबर. पण "धौलीच्या 13 व्या शिलालेखात" असं लिहिलं की घसरलातच, कारण धौली आणि जौगड इथे, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, 11 ते 13 हे लेख कोरलेलेच नाहीत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत. हेच वाक्य नीट बसवलं तर उत्तर चमकतं: युद्धाच्या पश्चात्तापाचा लेख जिंकलेल्या प्रदेशातच वगळलेला आहे, आणि त्यावरून अशोकाच्या पश्चात्तापाला राजकीय मर्यादाही होत्या असा तर्क करता येतो. आपल्याकडे सोपाऱ्याला सापडले ते 8 व्या आणि 9 व्या लेखाचे तुकडे. कलिंगच्या उत्तरात सोपारा ओढून आणायचं कारण नाही.

मराठी साधनांचं एक उदाहरण घेते, कारण 1857 ला ते फार उपयोगी पडतं. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा "माझा प्रवास". झाशीच्या वेढ्यात ते स्वतः शहरात होते, त्यामुळे "प्रत्यक्षदर्शी" हा शब्द बरोबर. पण आठवणी लिहिल्या त्या पंचवीसेक वर्षांनंतर, आणि पुस्तक छापलं गेलं 1907 मध्ये, चिंतामणराव वैद्यांच्या संपादनातून. "गोडसे भटजी (प्रत्यक्षदर्शी, आठवणी पुढे लिहिलेल्या)" एवढ्या कंसाने साधनाचं बळही सांगून होतं आणि मर्यादाही.

वहीत कसं टिपायचं

अवतरणांची वेगळी वही करू नका. वादांची करा. एका पानावर एक वाद. एक नमुना देते, विषय आहे 1857 मधले ग्रामीण उठाव. शशिभूषण चौधुरी (1957) म्हणतात, जमिनी सावकार-व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या म्हणून गावं उठली. एरिक स्टोक्स हे समीकरण नाकारतात. त्यांच्या अभ्यासात पश्चिम उत्तर प्रदेशात सावकाराची पकड सैल होती अशा भागांतही उठाव तीव्र दिसतो, आणि शेतसाऱ्याचा बोजा जास्त महत्त्वाचा ठरतो. त्याखाली एकच ओळ: "तपासायला जिल्हा – सहारनपूर." झालं पान. कोणाचं वाक्य पाठ करायचं नाही. कोणी काय म्हटलं, त्याला कोणी का खोडलं आणि ते कुठे तपासता येतं, एवढंच लक्षात ठेवायचं. स्टोक्स यांचा शेतकऱ्यांवरचा लेखसंग्रह 1978 चा आणि 1857 वरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1986 मध्ये आलेलं. वर्षांची गल्लत होत असेल तर वर्ष गाळा, नाव ठेवा.

परीक्षागृहात नाव आठवलं नाही तर

एकेक पायरी खाली उतरायचं. शब्द नक्की आठवत नसतील तर चिन्हं काढा आणि आशय लिहा. वर्ष आठवत नसेल तर वर्ष गाळा. नाव आठवत नसेल आणि परंपरा नक्की माहीत असेल, तर "मार्क्सवादी इतिहासलेखनात" किंवा "वसाहतकालीन ब्रिटिश लेखक" असं लिहा. परंपराही नक्की नसेल तर इतिहासकाराला उत्तरातून बाहेर काढा आणि त्याच्या मागचा पुरावा तेवढा लिहा. "अवधमध्ये तालुकदार आणि शेतकरी एकत्र लढले" हे वाक्य मुखर्जींच्या नावाशिवायही उभं राहतं. "काही इतिहासकारांच्या मते" मात्र टाळा. त्याने तीन शब्द जातात आणि समासात पुन्हा तोच शेरा येतो: कोणाच्या?

ज्याच्याबद्दल साठ-चाळीस शंका आहे, असं नाव ठोकून देऊ नका. पेपर तपासणारा बहुधा तोच विषय शिकवत असतो, आणि सेनांचं वाक्य बिपन चंद्रांच्या नावावर दिसलं की पुढची बरोबर नावंही तो संशयानेच वाचतो.